फिटनेस रिपोर्ट: कारखान्याला काय कळायला हवं, काय नको

दिवाळी उलटली, कापूस घरात यायला लागला की विदर्भातल्या जिनिंग आणि सूतगिरण्यांना माणसं लागतात. हिंगणघाट, समुद्रपूर, वणी, यवतमाळकडची पोरं अर्ज देतात, मुलाखत होते आणि शेवटी साहेब सांगतात, “मेडिकल करून आण.” शहरातल्या लॅबमधून सात-आठ पानांचा रिपोर्ट निघतो आणि तो सीलबंद किंवा उघडाच ऑफिसात जमा होतो. रक्तात काय निघालं, छातीच्या फोटोत काय दिसलं, कोणता आजार होऊन गेला, हे सगळं एचआरच्या टेबलावर पडतं.

अलीकडे यात एका प्रश्नाची भर पडली आहे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झालं, त्यातून गावोगावी तपासण्या झाल्या आणि अनेकांच्या हाती सिकलसेलचं कार्ड आलं. नोकरीसाठी गेल्यावर हे कार्ड दाखवायचं की नाही, हे घरच्यांना समजत नाही. डॉक्टरांनी ते रिपोर्टमध्ये लिहावं की नाही, हे पुष्कळदा डॉक्टरांनाही नीट ठरवता येत नाही.

हा रिपोर्ट नेमकं कशाचं उत्तर देतो?

नोकरीआधीची तपासणी एकाच प्रश्नासाठी असते: हा माणूस हे काम स्वतःला आणि शेजारच्याला धोका न होऊ देता करू शकेल का? तो निरोगी आहे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि कारखान्याने तो विचारलेला नाही. निरोगी असूनही एखाद्या कामाला अयोग्य असणारी माणसं असतात, आणि दोन-तीन आजार सांभाळून तीस वर्षं उत्तम काम करणारीही असतात.

ट्रॅक्टर आरटीओकडे पासिंगला नेतो तेव्हा अधिकारी ब्रेक, दिवे, स्टेअरिंग बघतो. ट्रॅक्टरवर बँकेचा किती हप्ता बाकी आहे, हे पासिंगच्या कागदावर येत नाही. माहिती खोटी नसते, पण रस्त्यावर चालायचं की नाही हे तिच्यावरून ठरत नाही. फिटनेस रिपोर्टलाही हीच कसोटी लावायची. कागदावरच्या प्रत्येक ओळीपुढे “मग कामात काय बदलेल?” असं विचारायचं. उत्तर आलं नाही तर ती ओळ तिथे नको.

सुरुवात रक्ताने नाही, कामाच्या कागदाने

बहुतेक घोळ इथेच होतो. लॅबमध्ये तयार पॅकेज असतं: हिमोग्लोबिन, शुगर, लघवी, रक्तगट, कावीळ बी, एचआयव्ही, ईसीजी, छातीचा एक्स-रे. उमेदवार चौकीदार असो, फिटर असो की हमाल, पॅकेज तेच. डॉक्टरला काम काय आहे हे माहीतच नसतं, म्हणून जे सापडेल ते लिहिलं जातं.

खरं तर तपासणीआधी कारखान्याने डॉक्टरला एक पान द्यायला हवं. खातं कोणतं, हातांनी काय उचलायचं आणि साधारण किती किलो, धूळ किती, आवाज किती, उष्णता, उंचीवर चढणं आहे का, चालत्या यंत्राजवळ किती वेळ, पाळ्या कोणत्या. ‘मदतनीस’ एवढं लिहून चालत नाही. सूतगिरणीतला कार्डिंगचा मदतनीस आणि गोदामात गाठी ढकलणारा मदतनीस यांची शरीरं वेगवेगळ्या ठिकाणी झिजतात.

कार्डिंगचंच उदाहरण पुढे धरू, कारण आपल्याकडे ते काम पुष्कळांना मिळतं. गाठ फोडून रुई आधी ब्लो रूममध्ये मोकळी होते, मग कार्डिंगच्या यंत्रावर तारेच्या दातांनी विंचरली जाते. हाताने वेचलेल्या कापसात वाळलेल्या पानांचा आणि बोंडाखालच्या पात्यांचा चुरा असतो. तो याच दोन खात्यांत सर्वांत जास्त उडतो. म्हणजे या जागेसाठी महत्त्वाच्या गोष्टी मोजक्याच: फुफ्फुसं, कान, डोळे, आणि फिरत्या यंत्राशेजारी अचानक शुद्ध हरपण्याचा धोका आहे का.

फुफ्फुसांची तपासणी इतकी महत्त्वाची का?

कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या कायद्यातल्या यादीत तो आहे. त्याची खूण मोठी विचित्र असते. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, खोकला येतो, दम लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटतं. म्हणून कामगार ‘सोमवारचा दम’ म्हणून सोडून देतो. कापसाच्या पाचोळ्यावर वाढणाऱ्या जंतूंचे अंश धुळीतून श्वासनळीत जातात आणि नळ्या आवळतात. सुरुवातीला धुळीपासून दूर गेलं की त्या मोकळ्या होतात. वर्षानुवर्षं तसंच चाललं तर मात्र होत नाहीत.

म्हणून धुळीत पाय ठेवण्याआधीची फुफ्फुसांची ताकद मोजून ठेवायची असते. त्या तपासणीचं नाव स्पायरोमेट्री. नळीत पूर्ण जोराने फुंकायचं, यंत्र एकूण हवा मोजतं आणि पहिल्या सेकंदात किती बाहेर आली तेही मोजतं. पहिल्या सेकंदाचा वाटा साधारण ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नळ्या अरुंद आहेत, असं ढोबळमानाने समजतात.

ही तपासणी पाच मिनिटांत उरकता येत नाही. निदान तीन चांगल्या फुंका लागतात आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन आकड्यांत १५० मिलीपेक्षा जास्त फरक नसावा. ओठांच्या कडेने हवा निसटली, माणूस मध्येच थांबला, किंवा गच्च जेवून आला, तर आकडा कमी येतो. उंची बूट काढून मोजलेली हवी, कारण अपेक्षित आकडा वय, उंची आणि स्त्री-पुरुष यांवरून काढला जातो. ‘अंदाजे १७५’ असं टाकलं तर १६६ सेंटीमीटरचा माणूस कागदावर विनाकारण कमजोर ठरतो.

आणखी एक सापळा आहे. अनेक यंत्रांमध्ये अपेक्षित आकडे युरोपीय लोकांच्या मोजमापावरून भरलेले असतात. आपल्याकडच्या निरोगी माणसांची फुफ्फुसं त्या मापाने लहान भरतात. त्यामुळे धडधाकट तरुणाच्या कागदावरही अपेक्षित आकड्याच्या ७७ टक्के छापून येतं आणि शेजारी यंत्र आपोआप ‘रिस्ट्रिक्शन’, म्हणजे फुफ्फुसं पुरेशी फुलत नाहीत, असं लिहितं. तो शब्द डॉक्टरने न वाचता पुढे पाठवला की पोराची नोकरी जाते. यात पोराचा काडीचा दोष नसतो, आणि हे बघून खरोखर जीव तुटतो.

एक तपासणी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, समुद्रपूर तालुक्यातला २७ वर्षांचा तरुण कार्डिंगच्या जागेसाठी आला आहे. पहाटेच्या एसटीने उपाशीपोटी आला, तोंडात खर्रा आहे. आल्या आल्या रक्तदाब घेतला तो १५०/९६ निघाला. घाईतला डॉक्टर इथेच ‘हायपरटेन्शन’ लिहून मोकळा होतो. पण खर्ऱ्यातली तंबाखू, धावपळ आणि भीती, तिन्ही रक्तदाब वाढवतात. तोंड धुवायला सांगितलं, अर्धा तास खुर्चीत टेकून बसवलं, दंडाला बसेल असा पट्टा वापरला. आता १३४/८४. पहिला आकडा डॉक्टरच्या फाइलीत राहील, निष्कर्ष दुसऱ्यावर निघेल.

उजव्या डोळ्याची दूरची नजर ६/१२, चष्म्याने ६/६. तारेचे दात आणि फिरते पट्टे जवळ असणाऱ्या कामात याला अर्थ आहे, म्हणून ही गोष्ट अट बनून रिपोर्टमध्ये जाईल.

कानांच्या तपासणीआधी चौदा तास तरी मोठ्या आवाजापासून दूर राहायला सांगितलेलं होतं. आदल्या रात्री लग्नात डीजेपुढे नाचून आलेल्याचा आकडा खरा मानता येत नाही. डाव्या कानात ४००० हर्ट्झला ३० डेसिबल निघाले, बाकी सगळीकडे २५ च्या आत, म्हणजे ठीक. आवाजाने होणारी इजा बहुधा याच पट्टीत आधी दिसते. थ्रेशरजवळ काढलेल्या हंगामांचा हा हिशेब असू शकतो. काम करायला यामुळे अडचण नाही. पण गिरणीत हा कान आणखी बिघडायला नको आणि पुढे वाद झाला तर सुरुवातीचा आकडा हाताशी हवा. म्हणून अट: पहिल्या दिवसापासून इअरप्लग, वर्षाने पुन्हा तपासणी.

फुंकणीत एकूण हवा ३.६० लिटर, पहिल्या सेकंदात २.९५. वाटा ८२ टक्के, म्हणजे नळ्या मोकळ्या आहेत. एकूण हवेपुढे मात्र यंत्राने अपेक्षित आकड्याच्या ७७ टक्के छापलं होतं. भारतीय प्रमाणाशी ताडल्यावर आकडा नव्वदीच्या पुढे गेला. दमा नाही, रात्री शिट्टीसारखा श्वास नाही.

याशिवाय तीन गोष्टी कळल्या. तो सिकलसेलचा वाहक आहे. तोंड उघडलं तर आत दोनच बोटं जातात. साधारण तीन जायला हवीत. हे खर्ऱ्याने होतं आणि पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतं. आणि लहानपणी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आहे.

या तिन्ही गोष्टी कारखान्याला जाणार नाहीत. तोंडाची गोष्ट तर सर्वांत गंभीर आहे, म्हणूनच ती त्याला समोर बसवून सांगायची, वेगळी चिठ्ठी द्यायची आणि दंत विभागात पाठवायचं. कार्डिंगचं काम तोंड किती उघडतं यावर अवलंबून नाही.

कारखान्याला जाणारा कागद मग एवढाच उरतो:

> पद: मदतनीस, कार्डिंग खाते, तीन पाळ्या.
> निष्कर्ष: या पदासाठी अटींसह योग्य.
> अटी: (१) यंत्राजवळ काम करताना चष्मा. (२) आवाजाच्या खात्यात इअरप्लग.
> पुढील तपासणी: फुफ्फुसांची सहा महिन्यांनी, साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीआधी व पाळीनंतर. कानांची एक वर्षाने.

खाली तारीख, डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक, उमेदवाराची सही किंवा अंगठा आणि शरीरावरची एक ओळखखूण. ही खूण वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमावलीतच सांगितलेली आहे. ती नसेल तर एकाच्या नावावर दुसरा तपासून घेता येतो, आणि ठेकेदारामार्फत भरती होते तिथे असं होण्याची भीती असते.

पाळीआधी आणि पाळीनंतर कशासाठी, तेही बघा. सहा महिन्यांनी त्याने सकाळी २.९५ लिटर फुंकले आणि पाळी सुटताना २.७० भरले, तर एका दिवसात २५० मिली घट झाली. अमेरिकेच्या कापूसधुळीच्या नियमात २०० मिली किंवा ५ टक्के घट झाली की त्या कामगारावर जास्त बारकाईने लक्ष ठेवायला सांगितलं आहे. अशा वेळी त्याला रिंग फ्रेमसारख्या कमी धुळीच्या खात्यात हलवता येतं आणि कार्डिंगची धूळ ओढणारी यंत्रणा तपासता येते. हे आजार पक्का होण्याच्या कितीतरी आधी कळतं.

सिकलसेल लिहायचं की नाही?

वाहक आणि रुग्ण यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. वाहकाला आई-वडिलांपैकी एकाकडून सिकलसेलचा गुण मिळालेला असतो आणि तो सर्वसामान्य आयुष्य जगतो. पाणी न पिता भर उन्हात अंग मोडेस्तोवर श्रम केले तर क्वचित त्रास होतो, पण तेवढं पाणी आणि सावली प्रत्येक कामगाराला मिळायलाच हवी. म्हणून वाहक असल्याचा उल्लेख रिपोर्टमध्ये येत नाही. त्याहीपुढे जाऊन, ती चाचणी या पॅकेजमध्ये असायलाच नको, कारण तिच्या निकालाने कोणताही निर्णय बदलत नाही. गावात अशा कागदाचा परिणाम नोकरीपुरता राहत नाही, सोयरिकीपर्यंत जातो.

रुग्णाचं वेगळं. त्याला अंग आखडून टाकणाऱ्या वेदनांचे झटके येतात. पाणी कमी पडणं, थंडी आणि अति श्रम यांनी ते वाढतात. तरीही कारखान्याच्या कागदावर आजाराचं नाव नको, मर्यादा हवी: ‘सलग उष्णतेत काम नको, पिण्याचं पाणी हाताशी, पाण्यासाठी थांबण्याची मुभा, जड ओझं नको.’ पर्यवेक्षकाला उद्या सकाळी याच ओळी उपयोगी पडतील. ‘सिकलसेल पॉझिटिव्ह’ या दोन शब्दांवरून त्याने नेमकं काय करायचं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजार दिव्यांगत्वात धरला आहे. पण त्याचा लाभ घ्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं.

मग कार्ड मागितलं तर? ते उपचार आणि समुपदेशनासाठी दिलेलं आहे. डॉक्टरला जरूर दाखवा, भरतीच्या खिडकीवर देण्याची गरज नाही.

“पैसे आम्ही भरतो, मग पूर्ण रिपोर्ट आमचा का नाही?”

मालकांचा हा आक्षेप अनेकदा येतो आणि तो दुष्टपणाने विचारलेला नसतो. पण मालक एका प्रश्नाच्या उत्तराचे पैसे भरतो. ते उत्तर त्याला पूर्ण मिळतं: योग्य, अटींसह योग्य, तात्पुरता अयोग्य किंवा या पदासाठी अयोग्य. बाकीची माहिती डॉक्टरला रुग्णाने विश्वासाने सांगितलेली असते. २००२ च्या त्याच नियमावलीप्रमाणे न्यायालयाचा आदेश, एखाद्याला किंवा समाजाला असलेला गंभीर आणि नेमका धोका, किंवा सरकारला कळवायचे आजार, एवढे अपवाद सोडून ती बाहेर देता येत नाही. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा कायदा स्पष्ट आहे: नोकरी मिळवण्यासाठी एचआयव्हीची चाचणी ही पूर्वअट ठेवता येत नाही. तरीही ती पॅकेजमध्ये सापडते, कारण पॅकेज कोणी वाचत नाही.

“उद्या कामगार म्हणाला, आजार गिरणीमुळे झाला, तर?”

तेव्हा डॉक्टरकडची पूर्ण फाइल कामी येते. कान पहिल्या दिवशी किती ऐकत होता, फुफ्फुसं किती फुंकत होती, हे तारखेसह तिथे लिहिलेलं असतं आणि भरपाईचा दावा उभा राहिला की ते मागवता येतं. मालकाचं संरक्षण पूर्ण फाइल अस्तित्वात असण्यात आहे. ती एचआरच्या कपाटात असायची गरज नाही. तिथे ती कोणाच्याही हाती लागते.

“टीबी असला तर इतरांना धोका नाही का?”

आहे, म्हणून इथे निष्कर्ष बदलतो. थुंकीत जंतू सापडले तर डॉक्टर ‘तात्पुरता अयोग्य, अमुक तारखेनंतर फेरतपासणी’ असं लिहितो, उपचार सुरू करून देतो आणि सरकारच्या निक्षय पोर्टलवर नोंद करतो. ती नोंद सरकारसाठी असते. कारखान्याला तारीख कळली की पुरे. उपचार पूर्ण झालेला जुना टीबी मात्र वेगळा. एक्स-रेवर डाग दिसतो म्हणून कोणी अयोग्य होत नाही. फुंकणीचा आकडा चांगला असेल तर डाग फाइलीतच राहतो. कमी असेल तर धुळीचं खातं नको, एवढंच लिहायचं.

फिट येणाऱ्या माणसाचं प्रकरण सगळ्यांत अवघड. चालत्या यंत्राजवळ आणि उंचीवर त्याला ठेवणं जिवावर बेतू शकतं, त्यामुळे ‘चालत्या यंत्रांजवळ, उंचीवर व एकट्याने काम नको’ असं लिहावंच लागतं. वाचणारा आजार ओळखेल, हे खरं आहे. तरीही नाव न लिहिण्यात फरक पडतो. मर्यादा पाळायला पर्यवेक्षक बांधील राहतो, आणि पॅकिंग किंवा गोदामाच्या जागेचा विचार करताना नुसत्या नावाने कोणी दचकत नाही.

सही करण्याआधी उमेदवाराने काय बघायचं?

फॉर्मवर ‘कोणताही आजार आहे का? हो/नाही’ असा चौकोन असतो. भीतीने सगळे ‘नाही’ लिहितात आणि पुढे ‘खोटी माहिती दिली’ म्हणून तेच अंगलट येतं. हा प्रश्न कारखान्याच्या फॉर्मवर असेल तर ‘डॉक्टरांना सांगितलं आहे’ असं लिहिता येतं. डॉक्टरपुढे मात्र काही लपवू नका, विशेषतः दम, फिट, चक्कर आणि चालू गोळ्या. धुळीत काम करणाऱ्याने दमा लपवला तर पहिलं नुकसान त्याचंच होतं.

सहीआधी कागदावर पदाचं आणि खात्याचं नाव आहे का बघा. नुसतं ‘अनफिट’ लिहिलं असेल तर ‘कोणत्या कामासाठी, आणि कायमचा की तात्पुरता?’ असं विचारा. कार्डिंगला अयोग्य ठरलेला माणूस पॅकिंगला योग्य असू शकतो. ७७ टक्क्यांसारखा आकडा दाखवून नाकारलं असेल तर उंची मोजून घेतली होती का आणि किती फुंका घेतल्या, हे विचारा आणि दुसऱ्या ठिकाणी पुन्हा फुंकून बघा. सगळ्या तपासण्यांची प्रत डॉक्टरकडे लेखी मागा. २००२ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यावी लागतात. ती प्रत घरी जपून ठेवा, कारण पाच वर्षांनी छाती आवळायला लागली तर पुढच्या डॉक्टरला सर्वांत आधी तो २.९५ चा आकडा बघायचा असेल.